नवं शॉपिंग कॉम्प्लेक्स आणि शेजारचा चौक: वाहतूक परिणाम अहवालाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ते आणि चौक मोजून वाहतूक परिणाम अहवाल तयार करणं हे माझं रोजचं काम. सोसायट्यांच्या बैठकांत आणि आर्किटेक्टच्या ऑफिसांत मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कोरडी राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. त्यातले आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, पद्धत मात्र खऱ्या अहवालात वापरतात तीच आहे.

हा अहवाल नेमकं कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो?

कॉम्प्लेक्स सुरू झाल्यावर सर्वांत गर्दीच्या एका तासात किती वाहनं वाढतील, ती कोणत्या वळणाने येतील-जातील आणि जवळचा चौक ती पेलेल का, एवढाच हा प्रश्न आहे. न पेलल्यास काय बदलायचं आणि बदल केल्यावर तरी पेलेल का, हा त्याचा पुढचा भाग. दिवसभरात एकूण किती वाहनं येतात याला इथे फारसं महत्त्व नाही. दुपारी तीनला मोकळा असलेला चौक शनिवारी संध्याकाळी साडेसातला बंद पडत असेल, तर अहवाल साडेसातचाच असला पाहिजे.

तो कोण मागतं?

महापालिका मागते, किंवा ना हरकत दाखला देण्याआधी वाहतूक पोलीस मागतात. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. महाराष्ट्रात ती राज्यस्तरीय प्राधिकरणाकडून मिळते आणि त्या छाननीतही वाहतुकीचा अभ्यास तपासला जातो.

किती लोक आणि किती वाहनं येणार, हे आधीच कसं सांगता येतं?

जवळपास तशाच एखाद्या चालू कॉम्प्लेक्सच्या दारात उभं राहून मोजल्याशिवाय सांगता येत नाही. 'तशाच' म्हणजे त्याच शहरातल्या, साधारण तेवढ्याच आकाराच्या, तशीच दुकानं आणि तशीच बससेवा असलेल्या.

आपल्या उदाहरणात नव्या कॉम्प्लेक्समधलं दुकानांचं क्षेत्र १०,००० चौरस मीटर आहे. तुलनेसाठी ८,००० चौरस मीटरचं चालू कॉम्प्लेक्स निवडलं. तिथे शनिवारी संध्याकाळी सात ते आठ या तासात ९६० माणसं आत गेली आणि १,०४० बाहेर आली. म्हणजे दर १०० चौरस मीटरमागे १२ आत, १३ बाहेर. त्या हिशेबाने नव्या ठिकाणी १,२०० माणसं आत येतील आणि १,३०० बाहेर पडतील.

त्यानंतर दारातच लोकांना 'कशाने आलात, किती जण आलात' असं विचारायचं. समजा ४५ टक्के दुचाकीने आले, २५ टक्के कारने, १२ टक्के रिक्षाने आणि बाकीचे चालत किंवा बसने. दुचाकीवर सरासरी दीड माणूस, कारमध्ये अडीच, रिक्षात १.८. मग आत येणाऱ्या १,२०० माणसांमागे ३६० दुचाक्या, १२० कार आणि ८० रिक्षा होतात. बाहेर पडणाऱ्यांचा हिशेबही असाच: ३९० दुचाक्या, १३० कार, ८७ रिक्षा.

रिक्षांचा हिशेब इथे संपत नाही आणि बरेच अहवाल नेमके इथेच चुकतात. कार आत आली की तासभर उभी राहते. रिक्षा प्रवासी सोडते आणि लगेच बाहेर पडते, कधी रिकामी, कधी दुसरं गिऱ्हाईक घेऊन. सोडणाऱ्या ८० पैकी ४० ना लगेच भाडं मिळालं असं धरलं, तर उरलेल्या ४० रिकाम्या बाहेर जातील आणि नेणाऱ्या ८७ पैकी ४७ रिकाम्या आत येतील. म्हणजे तासाला १२७ रिक्षा आत आणि १२७ बाहेर. अहवालात आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या रिक्षांचे आकडे जुळत नसतील, तर रिकाम्या फेऱ्या धरायच्या राहून गेल्या आहेत.

अमेरिकेतले तयार दर वापरले तर काय बिघडतं?

तिथल्या आयटीई या संस्थेच्या पुस्तकात दर हजार चौरस फुटांमागे वाहनांच्या फेऱ्या दिलेल्या असतात. ते दर जवळजवळ प्रत्येक जण कारने येणाऱ्या उपनगरांतून आलेले आहेत. आपल्याकडे निम्मे लोक दुचाकीवर आणि बरेचसे चालत येतात, त्यामुळे त्या दरांनी कारचा आकडा फुगतो आणि दुचाकी-रिक्षांचा पत्ताच लागत नाही. म्हणून मी आधी माणसं मोजतो, वाहनं नंतर. तयार दर फक्त तुलनेसाठी जवळ ठेवावेत.

दुचाकी, कार, बस एकाच बेरजेत कशा येतात?

सगळी वाहनं कारच्या मापात बदलून घ्यायची. या मापाला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ या १९९० च्या मार्गदर्शिकेत सरळ रस्त्यासाठी दुचाकीचं मूल्य, तिचं रहदारीतलं प्रमाण ५ टक्के असेल तर ०.५ आणि १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५ दिलं आहे. सिग्नलवर मात्र चित्र वेगळं असतं. दुचाक्या फटीफटीतून पुढे येऊन थांब्याच्या पट्टीवर गोळा होतात आणि हिरवा दिवा लागताच घोळक्याने निघतात, त्यामुळे तिथे त्यांचं मूल्य कमी येतं. सिग्नलच्या चौकासाठी भारतातल्या रस्त्यांची क्षमता काढण्याचं २०१७ चं मार्गदर्शक पुस्तक, इंडो-एचसीएम, वापरणं योग्य.

आपल्या उदाहरणात चौकासाठी दुचाकी ०.४, रिक्षा ०.५ आणि कार १ धरू. आत येणारी वाहनं साधारण ३२५ पीसीयू होतात, बाहेर जाणारी ३५०. पाहणाऱ्याने एक गोष्ट तपासावी: आजच्या रहदारीला एक मूल्य आणि कॉम्प्लेक्सच्या रहदारीला दुसरं, असं तर झालेलं नाही ना.

त्या रस्त्याने एरवीही जाणारे लोकच दुकानात वळतील. ते वजा करायला नकोत का?

चौकाच्या हिशेबातून करता येतात, गेटच्या हिशेबातून नाही. ऑफिसमधून घरी जाताना वाटेत वळलेला माणूस चौकात आधीपासून मोजलेला आहे, पण गेटमध्ये त्याचं वळण नवीनच आहे. आपण असे २० टक्के धरू. चौकासाठी नवी रहदारी आत २६० आणि बाहेर २८० पीसीयू उरते, गेटसाठी मात्र ३२५ आणि ३५० च राहते. ही २० टक्क्यांची वजावटही दारातल्या मुलाखतीतूनच यायला हवी. ती ४० टक्के दाखवून त्याला आधार दिला नसेल, तर तिथे खूण करून ठेवा.

आमचा रस्ता चार पदरी आहे, २४ मीटर रुंद. एवढी वाहनं सहज मावतील ना?

रस्त्यात मावतील, चौकात मावतील की नाही ते वेगळं पाहावं लागतं. चौकात तोच रस्ता दर दोन मिनिटांतली वीस-पंचवीस सेकंदं उघडा असतो, उरलेला वेळ दुसऱ्या रस्त्यांचा. बऱ्याच अहवालांत रस्त्याच्या मधल्या भागाचं कोष्टक मोठं असतं आणि त्यात सगळं ठीक दिसतं. आयआरसी १०६ प्रमाणे शहरी रस्ता त्याच्या कमाल क्षमतेच्या साधारण ७० टक्क्यांवर आखतात, त्यामुळे तिथे हात राखलेला असतो. रांग लागते ती चौकात. म्हणून अहवाल हातात आला की मी आधी चौकाचं पान उघडतो.

चौकाचं ते गणित साध्या भाषेत सांगाल का?

आपला चौक चार रस्त्यांचा आहे आणि प्रत्येक रस्त्याला स्वतंत्र हिरवा दिवा मिळतो. पूर्व आणि पश्चिमेकडून येणारा पट्टा ७ मीटरचा, उत्तर-दक्षिणेचा ५.५ मीटरचा. सिग्नल हिरवा झाल्यावर रांग अखंड निघत असताना स्टॉपवॉच लावून मोजलं, तर समजा मीटरमागे तासाला ६०० पीसीयू सुटतात. म्हणजे ७ मीटरच्या पट्ट्यातून ४,२०० आणि ५.५ मीटरच्या पट्ट्यातून ३,३००, पण दिवा तासभर हिरवा राहिला तरच.

कॉम्प्लेक्स उघडेल त्या वर्षापर्यंत आजची रहदारी वाढवली आणि आसपासच्या मंजूर प्रकल्पांची भर घातली, की पूर्व आणि पश्चिमेकडून प्रत्येकी ८४०, उत्तर आणि दक्षिणेकडून प्रत्येकी ५२८ पीसीयू येतात असं धरू. सिग्नलची एक फेरी १२० सेकंदांची, म्हणजे तासात ३० फेऱ्या. पश्चिमेकडून दर फेरीला २८ पीसीयू जमतात, सेकंदाला १.१७ सुटतात, म्हणून त्यांना २४ सेकंद हिरवा हवा. पूर्वेला तेवढाच, उत्तर आणि दक्षिणेला प्रत्येकी साधारण १९. बेरीज ८६ सेकंद.

दिवे बदलताना दर वेळी सुमारे ४ सेकंद वाया जातात, चार वेळा मिळून १६. म्हणून १२० पैकी कामाचे सेकंद १०४. गरज ८६ ची आहे, तर चौक चालतो. गरज ९४ च्या वर गेली की दहा टक्केही राखीव राहत नाही, आणि एखादी बस थांबली किंवा पाऊस आला की रांग पुढच्या फेरीवर जाते.

फेरी किती लांब असावी यासाठी वेबस्टरचं सूत्र वापरतात:

```
C = (1.5 L + 5) / (1 - Y)
```

यात L म्हणजे फेरीत वाया जाणारे सेकंद, इथे १६. Y म्हणजे चारही रस्त्यांच्या मागणीची त्यांच्या क्षमतेशी असलेल्या प्रमाणांची बेरीज, इथे ०.७२. उत्तर येतं १०४ सेकंद. Y जसा १ कडे सरकतो तशी फेरी झपाट्याने लांबते. ०.८३ ला ती १७० च्या पुढे जाते, आणि इतका वेळ लाल दिव्यासमोर लोक थांबत नाहीत, दिवा तोडतात. १२० च्या वरची फेरी कागदावर दिसली तर चौक भरला असं समजावं.

मोजणीत सर्वांत मोठी चूक कोणती होते?

थांब्याच्या पट्टीवर उभं राहून फक्त सुटलेली वाहनं मोजणं. चौक आधीच तुंबलेला असेल तर पट्टी ओलांडणारी वाहनं म्हणजे चौकाची क्षमता, लोकांची गरज नाही. मागे दोनशे मीटरवर उभे असलेले त्या आकड्यात नसतात. एका चौकात सलग चार पाव तासांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तेव्हा मला शंका आली. चालत मागे गेलो तर रांग एका दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचली होती. दुसऱ्या दिवशी एक माणूस रांगेच्या शेपटीला उभा केला आणि दर पाच मिनिटांनी रांगेची लांबी लिहून घेतली. पश्चिमेकडची गरज पहिल्या आकड्यापेक्षा बरीच वर निघाली.

अहवालात रांगेची लांबी लिहिलेली नसेल आणि पाव तासांचे आकडे सपाट असतील, तर ती मोजणी पुन्हा करून मागा. तारीख आणि वारही पाहा. शाळेच्या सुट्टीतली किंवा फक्त मंगळवार सकाळची मोजणी शॉपिंग कॉम्प्लेक्ससाठी चालत नाही.

विकासक म्हणतो, गेटसमोरचा दुभाजक बंद करू, म्हणजे उजवीकडे वळणंच राहणार नाही. मग प्रश्न सुटला ना?

गेटसमोर सुटतो, पण वाहनं नाहीशी होत नाहीत. या पानावरचं हे उत्तर सर्वांत महत्त्वाचं आहे, म्हणून सावकाश सांगतो.

कॉम्प्लेक्स चौकाच्या पश्चिमेला १५० मीटरवर, रस्त्याच्या दक्षिण बाजूला आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणून चौकातून पश्चिमेला निघालेल्या गाडीला गेट डाव्या हाताला लागतं. ती सरळ आत जाते. पण पश्चिमेकडून येणाऱ्या गाडीला गेट दिसतं ते दुभाजकापलीकडे. दुभाजक बंद असेल तर तिला चौकापर्यंत जाऊन, सिग्नलवर यू-टर्न घेऊन परत यावं लागतं. आणि गेटमधून बाहेर पडलेल्या गाडीला चौकाकडे जायचं असेल तर आधी उलट, पश्चिमेला जाऊन पुढच्या दुभाजकाच्या तोंडाशी वळावं लागतं.

आता आकडे. ६० टक्के लोक चौकाकडून येतात-जातात, ४० टक्के पश्चिमेकडून. बाहेर जाणाऱ्या २८० नव्या पीसीयूंपैकी १६८ चौकात पश्चिमेकडून येतील. आत येणाऱ्यांतले पश्चिमेचे १०४ ही आता यू-टर्नसाठी तिथेच येतील, शिवाय वाटेत वळणाऱ्यांतले २६. त्या २६ जणांना चौकात एक जादा फेरा पडतो, म्हणून इथे त्यांना वजा करता येत नाही. पश्चिमेकडची वाढ झाली २९८. दुसऱ्या बाजूंनी येणारे १५६ पूर्व, उत्तर आणि दक्षिण या तीन रस्त्यांवर वाटले जातील: पूर्वेला ७०, उरलेल्या दोघांना ४३-४३.

पुन्हा सेकंद मोजू. पश्चिमेला आता साडेबत्तीस हवेत, पूर्वेला २६, उत्तर आणि दक्षिणेला २१-२१. बेरीज जवळजवळ १००. हातात १०४. चौक काठावर आला. शिवाय यू-टर्न घेणारी गाडी सरळ जाणाऱ्या गाडीपेक्षा हळू सुटते, म्हणजे खरी गरज याहूनही वर असेल.

यू-टर्नचे १३० वगळले तर बेरीज ९६ येते. अनेक अहवालांत नेमकं हेच झालेलं असतं: नकाशावर दुभाजक बंद दाखवलेला, आणि चौकाच्या तक्त्यात वळवलेली वाहनं मिळवलेलीच नाहीत. ते ओळखायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. 'प्रकल्पासह' या तक्त्यात पश्चिमेकडून यू-टर्न घेणाऱ्यांचा रकाना शोधा. तो आजच्याइतकाच असेल, तर दुभाजक बंद केल्याचा परिणाम अहवालात आलेला नाही.

मग दुभाजक उघडा ठेवावा का?

या ठिकाणी मी तरी नाही म्हणेन. चौकापासून १५० मीटरवर उघडं तोंड ठेवलं तर उजवीकडे वळायला थांबलेल्या गाड्या मागची रहदारी अडवतात, आणि गर्दीच्या वेळी चौकाची रांग वाढली की ती या तोंडापर्यंत पोचते. चौक ३०० मीटर दूर असता आणि उजव्या वळणासाठी ३०-४० मीटरचा वेगळा पदर देता आला असता, तर माझं मत बदललं असतं.

चौकात काय बदल सुचवता येतो?

पश्चिमेकडच्या पट्ट्याला थांब्याच्या पट्टीजवळ साडेतीन मीटरचा तिसरा पदर. क्षमता ४,२०० वरून ६,३०० होते, पश्चिमेची गरज साडेबत्तीसवरून २२ सेकंदांवर येते आणि एकूण बेरीज ८९. कॉम्प्लेक्स नसतानाच्या ८६ च्या जवळ आपण परत आलो.

पण हा पदर किती लांब असावा हे विचारा. २२ ते २५ सेकंदांच्या हिरव्या दिव्यात एका पदरातून १३ ते १५ पीसीयू सुटतात. प्रत्येकाला ६ मीटर धरले तर पदर ८० ते ९० मीटर हवा. तो ४० मीटरच काढला तर पहिल्या बारा सेकंदांनंतर तिसरा पदर रिकामा आणि मागची रांग दोनच पदरांत, म्हणजे हिशेबातली क्षमता प्रत्यक्षात मिळतच नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. पूर्वेकडे जाणारी बाजू उत्तरेला आहे आणि विकासकाचा प्लॉट दक्षिणेला. म्हणजे ही जागा त्याच्या मालकीची नाही. ती रस्त्याकडेच्या पार्किंगच्या पट्ट्यातून काढता येते, मग तिथल्या गाड्या कुठे जातील ते अहवालात लिहायला हवं. पदपथ कापून पदर काढला असेल तर त्याला माझा विरोध असतो, कारण याच कॉम्प्लेक्सला जवळपास पाचवा हिस्सा लोक चालत किंवा बसने येणार आहेत, आणि तेच लोक हा पदपथ वापरणार आहेत.

गेटवरची रांग रस्त्यावर येणार नाही, हे कसं ठरवतात?

बूम बॅरियरवर एका कारला किती सेकंद लागतात त्यावरून. तासाला १२० कार आत येणार. तिकीट १५ सेकंदांत मिळत असेल तर बॅरियर तासाला २४० कार घेतो, आणि वीसपैकी एकोणीस वेळा रांगेत चारपेक्षा जास्त कार नसतात. त्यांना साधारण २४ मीटर लागतात. सुट्ट्या पैशांमुळे तेच काम २० सेकंदांवर गेलं तर सात कारची, म्हणजे ४२ मीटरची जागा हवी. ३० सेकंदांवर गेलं की बॅरियरची क्षमता आणि येणाऱ्या कार सारख्याच होतात, मग रांग संपतच नाही.

म्हणून बॅरियर रस्त्याच्या कडेला नको, रॅम्पच्या तळाशी हवा, आणि पैसे आत येताना न घेता बाहेर जाताना घ्यावेत. दुचाक्यांना वेगळं प्रवेशद्वार द्यावं, कारण तासाला ३६० दुचाक्या कारच्याच बॅरियरमधून सोडल्या तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. रिक्षांसाठी गेटच्या आत वळून बाहेर पडता येईल असा थांबा हवा, नाहीतर त्या १२७ रिक्षा गेटसमोरच्या डाव्या पदरात थांबतील आणि सात मीटरचा रस्ता साडेतीन मीटरचा होईल.

रहिवाशांना हा अहवाल पाहायला मिळतो का?

पर्यावरण मंजुरीच्या प्रकल्पांची कागदपत्रं परिवेश या सरकारी पोर्टलवर येतात. २००६ च्या अधिसूचनेत इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलं आहे, त्यामुळे कोणी बोलावेल म्हणून थांबू नका. लहान प्रकल्प असेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अर्जात 'वाहतूक परिणाम अहवाल, मोजणीच्या मूळ तक्त्यांसह' असं स्पष्ट लिहा. नुसता सारांश मिळाला तर यू-टर्नचा रकाना आणि रांगेच्या नोंदी त्यात नसतात.

सुचवलेले बदल कधी व्हायला हवेत?

भोगवटा दाखला मिळण्याआधी. परवानगीच्या अटीत 'विकासक आवश्यक ते सहकार्य करेल' असं मोघम वाक्य असेल तर हरकत घ्या. अट अशी हवी: पश्चिम बाजूचा तिसरा पदर, लांबी ९० मीटर, खर्च कोणाचा, काम कोण करणार, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय दाखला नाही. त्यासोबत दुकानं सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, शनिवारी संध्याकाळी, पश्चिमेकडची रांग आणि बॅरियरवरचे सेकंद पुन्हा मोजण्याची अटही मागून घ्या.